शूटिंगची तारीख पक्की करण्याआधी लोकेशन कसं तपासायचं? महालातला वाडा डोळ्यासमोर ठेवून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात शॉर्टफिल्म, वेबसिरीज किंवा जाहिरात करणारी मंडळी सगळ्यात जास्त मागतात तो जुना वाडा. मधोमध चौक, भोवती ओसरी, लाकडी खांब. असे वाडे महालात अजून आहेत. म्हणून खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत: चौक दक्षिणोत्तर २० फूट, पूर्व-पश्चिम २६ फूट, चारही बाजूंनी दोन मजली बांधकाम, भिंतीची उंची २० फूट. प्रसंग असा की भर उन्हात चौकात आजी वाळवण घालते आहे, नात शेजारी बसली आहे, आणि दोघींचे संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचे आहेत. शूटिंग दोन दिवसांचं, युनिट पंचवीसेक माणसांचं.

रेकी आधी की तारीख आधी?

रेकी आधी. कलाकारांच्या तारखा जुळल्या म्हणून शूटिंगचा दिवस ठरतो आणि मग त्या दिवसाला शोभेल अशी जागा शोधत फिरावं लागतं, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. खरं तर जागाच सांगते की कोणत्या महिन्यात या आणि किती वाजता कॅमेरा लावा. कलाकारांना सुरुवातीला फक्त पंधरवडा सांगा, नेमका दिवस रेकीनंतर कळवा.

आणखी एक. रेकीला शूटिंगच्या वेळेलाच जायचं. दुपारी बाराचा सीन असेल तर संध्याकाळी सहाला, ऑफिस सुटल्यावर पाहिलेल्या वाड्याचा उपयोग नाही. वारही तोच हवा, कारण महालातला रविवार आणि महालातला मंगळवार यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चौकात ऊन कधी येतं, हे त्या दिवशी न जाता कसं कळणार?

मोजमाप टेप आणि होकायंत्र असलं की कळतं. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, फक्त लोखंडी जाळी, पत्रा किंवा गाडीजवळ उभं राहून बघू नका, काटा भरकटतो. चौकाच्या मध्यभागी उभं राहून उत्तर दिशा ठरवा, मग दक्षिणेकडच्या भिंतीची उंची आणि चौकाची दक्षिणोत्तर लांबी मोजा. दुपारी चौकात पडणारी सावली याच भिंतीची असते, म्हणून ही दोन मापं सगळ्यात महत्त्वाची.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर चढतो. ४५ अंशाला जेवढी भिंत तेवढीच सावली. आपली दक्षिण भिंत २० फुटांची, चौकही २० फुटांचा. म्हणजे डिसेंबरात भर दुपारी बारा वाजतासुद्धा चौकाच्या फरशीवर ऊन उतरत नाही! ते समोरच्या, उत्तरेकडच्या भिंतीवरच थांबतं. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत मस्त कोवळं ऊन मिळेल या भरवशावर लोक तारीख घेतात आणि वाळवणाचा सीन सावलीत करून जातात, त्यामागे एवढंच गणित आहे.

पुढच्या महिन्यांत ही सावली आखडत जाते. दर १० फूट भिंतीमागे माध्यान्हीची सावली फेब्रुवारीच्या मध्याला पावणेसात फूट, २१ मार्चच्या सुमारास चार फुटांना थोडी कमी आणि एप्रिलच्या मध्याला दोन फूट पडते. २६ मेच्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तुमच्या भिंतीच्या उंचीने या आकड्यांना गुणा आणि दहाने भागा, म्हणजे तुमच्या चौकाचं उत्तर मिळेल.

आपल्या वाड्यात २५ फेब्रुवारीच्या सुमारास सावली पावणेबारा फुटांपर्यंत येते आणि उत्तरेकडची ओसरी धरून सव्वाआठ फुटांचा उन्हाचा पट्टा उरतो. आजी, चादर, वाळवण आणि नात एवढ्या जागेत नीट बसतात.

मग माध्यान्ह म्हणजे बरोबर बारा वाजता का?

नाही. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नागपूर ७९ अंशांवर, त्यामुळे इथे सूर्य सरासरी चौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात ऋतूप्रमाणे आणखी फरक पडतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात माध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही दोन-तीन मिनिटं आधी. अर्ध्या तासाचा हा फरक उन्हाच्या चार तासांच्या शिफ्टमध्ये चांगलाच जाणवतो.

आपल्या चौकाचा २५ फेब्रुवारीचा दिवस साधारण असा जाईल. साडेदहाला वायव्य कोपऱ्यात साडेबारा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद ऊन. साडेअकराला तोच पट्टा वीस फूट लांब. साडेबाराला पूर्ण सव्वीस फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अडीचला ऊन ईशान्य कोपऱ्यात आक्रसलेलं. म्हणजे वाइड शॉट साडेअकरा ते दीडमध्येच उरकायचे, आणि आजीला सकाळी वायव्येला बसवून दुपारी क्लोजअप घ्यायचे असतील तर ऊन तिला सोडून निघून गेलेलं असेल. तिची जागा चौकाच्या मधोमध, उत्तर ओसरीच्या कडेला ठरवली तर ऊन तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ राहतं. जेवणाची सुट्टी दीडनंतर ठेवा. युनिट कुरकुरेल, पण साडेबाराचं ऊन परत मिळत नाही.

सूर्याचा मार्ग दाखवणारी मोबाइल ॲप्स आहेत, ती जरूर वापरा. पण ती आकाशातला सूर्य दाखवतात, शेजाऱ्याने मागच्या वर्षी दक्षिणेला चढवलेला मजला दाखवत नाहीत. भिंत टेपनेच मोजावी लागते.

एवढंच असेल तर सरळ एप्रिल-मे का नको? तेव्हा तर पूर्ण चौकात ऊन असतं.

कूलरमुळे. होळी झाली की नागपुरात घराघरात कूलर निघतात, खसच्या ताट्या बदलल्या जातात, आणि त्यानंतर चार महिने प्रत्येक खिडकीत एक मोठा पंखा आणि पाण्याची मोटर अखंड चालू. वाड्यातले दोन कूलर तुम्ही बंद कराल, पण चौक वरून उघडा असतो आणि भोवतीच्या दहा घरांचा आवाज त्यात उतरतो. शेजारच्या काकूंना विनंती केली तर त्या सरळ विचारतील, "दुपारी कूलर बंद करून आम्ही कुठं जायचं, भाऊ?" पंचेचाळीस अंशांच्या दुपारी त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. शिवाय तेवढ्या उन्हात वयस्कर कलाकाराला तासभर फरशीवर बसवणं योग्य नाही.

ऊन तुम्हाला उन्हाळ्याकडे ढकलतं, आवाज हिवाळ्याकडे. ही ओढाताण जिथे मिटते तो काळ म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. होळी पुढेमागे सरकते, म्हणून त्या वर्षीचं पंचांग बघूनच हा पंधरवडा आखा.

फेब्रुवारीच्या मध्यासारखंच ऊन ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा येतं. पण तेव्हा दिवाळीचे फटाके, रंगरंगोटी आणि सुतारकाम सुरू असतं.

आवाजाची रेकी नेमकी कशी करायची?

साउंड रेकॉर्डिस्टला बरोबर न्या. ते शक्य नसेल तर निदान शूटिंगला वापरणार तोच माइक आणि रेकॉर्डर न्या. आजी जिथे बसणार तिथे माइक धरून पूर्ण दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, फोन सायलेंट. मग हेडफोन लावून ऐका. आपला कान सवयीचे आवाज गाळून टाकतो, माइक गाळत नाही.

अखंड आवाज आणि मधून येणारा आवाज हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मंदिराची घंटा, अजान, कचरागाडीचं गाणं, भाजीवाल्याची आरोळी यांना वेळ असते. ती लिहून घ्या आणि तेवढा वेळ शॉट थांबवा. फ्रिज, पाण्याची मोटर, पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचं दुकान मात्र संवादाच्या खाली सतत पसरून राहतं आणि नंतर काढताना आवाजाचाच जीव जातो. वाड्यातल्या माणसाला हमखास विचारायचा प्रश्न असा: "नळ किती वाजता येतात?" नळ आले की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. ती वेळ मेकअप आणि लाइटिंगसाठी ठेवा.

आसपास बांधकाम चालू आहे का, हे गच्चीवर जाऊन बघा. वाळू-गिट्टीचा ढीग दिसला तर तिथल्या मिस्त्रीला भेटून स्लॅब कधी पडणार ते विचारा. स्लॅबच्या दिवशी मिक्सर सकाळपासून रात्रीपर्यंत थांबत नाही. लग्नसराईत जवळचं मंगल कार्यालयही विचारात घ्या. तिथल्या बुकिंगच्या तारखा मॅनेजर सहज सांगतो.

वाड्यातल्या विजेवर शूटिंग होईल का, की जनरेटर लागेलच?

लाइट एलईडी असतील तर बहुतेक वेळा घरच्या विजेवर भागतं. मीटरशेजारचा मुख्य एमसीबी बघा. समजा ३२ अँपिअरचा सिंगल फेज आहे. २३० व्होल्टने गुणलं तर सुमारे ७,३०० वॉट. तासन्‌तास चालवायचं असल्याने त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे ५,८०० वॉटच हिशोबात धरा. घरचा फ्रिज, पंखे आणि भाडेकरूंचा वापर मिळून दीड हजार वजा करा. तुमच्या वाट्याला सव्वाचार हजार वॉट आले.

३०० वॉटचे दोन एलईडी आणि ६०० चा एक, मॉनिटर, चार्जर मिळून दोन हजारांच्या आतच राहतात. लोड जातो तो भलत्याच ठिकाणी: कॉस्च्युमची इस्त्री हजार ते दीड हजार वॉट, चहाची इलेक्ट्रिक किटली तेवढीच किंवा जास्त, आणि तेवढ्यात कोणीतरी पाण्याची मोटर सुरू केली की एमसीबी पडला. म्हणून चहा गॅसवर करा, इस्त्री घरून करून आणा. खिडकीतून ऊन आल्यासारखं दाखवायला अडीच किलोवॉटचा एचएमआय लावायचा असेल तर मात्र जनरेटर हवाच. जनरेटर मागवताना केव्हीए आणि किलोवॉट एकच समजू नका. १५ केव्हीएचा जनरेटर साधारण १२ किलोवॉट देतो.

वायरिंग किती जुनं आहे हे बघणं त्याहून महत्त्वाचं. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, कापड गुंडाळलेल्या वायरी, सैल झालेले सॉकेट दिसले की युनिटच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन पुन्हा या. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, गल्लीत सगळ्यांचा वापर असताना, व्होल्टेज मोजायला सांगा. मग दोन हजार वॉट लोड पंधरा मिनिटं लावून पुन्हा मोजा. २२८ चं २२२ झालं तर ठीक. २०५ वर आलं, किंवा सॉकेट हाताला गरम लागलं, तर कुठेतरी जोड सैल आहे आणि लाकडी वाड्यात तो धोका पत्करायचा नाही. अर्थिंगची चाचणीही त्याच्याकडूनच करून घ्या. चौकात पाणी सांडलेलं असतं, कलाकार अनवाणी असतात, लाइटचे स्टँड लोखंडी असतात.

डीपीवरून किंवा खांबावरून तात्पुरती तार ओढली तर?

मुळीच नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरी आहे, आणि जिवावर बेतू शकतं ते वेगळंच. घरगुती मीटरची वीज व्यावसायिक कामाला वापरण्यावरही कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. म्हणून मोठं किंवा अनेक दिवसांचं काम असेल तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा, नाहीतर जनरेटर लावा. घरमालकाची वीज वापरलीच तर आधी आणि नंतर मीटरचा फोटो काढून पैसे चुकते करा.

जनरेटर आणि गाड्या उभ्या कुठे करायच्या?

गल्लीच्या तोंडापासून वाड्याच्या दारापर्यंत टेप घेऊन चालत जा. सगळ्यात अरुंद जागा, सगळ्यात खाली आलेली वायर आणि पुढे आलेला सज्जा, तिन्ही मोजा. टेम्पोवाल्याला हे आकडे फोनवर सांगा. "छोटा हत्ती जाईल, मोठा टेम्पो जाणार नाही" हे तोच नेमकं सांगू शकतो. मोठी गाडी मुख्य रस्त्यावर थांबवून सामान हाताने न्यायचं असेल तर कॉल टाइम तासाभराने अलीकडे घ्यावा लागतो.

जनरेटर वाड्यापासून लांब, एखादं वळण घेऊन आडोशाला ठेवा, आवाजाच्या रेषेत समोर नको. पण केबल जितकी लांब तितकं व्होल्टेज घटतं, म्हणून अंतर मोजून जनरेटरवाल्याला आधीच कळवा. साठ मीटर सांगून शंभर निघालं तर जाड केबल त्या दिवशी मिळत नाही. युनिटच्या दुचाकींसाठी वेगळी जागा बघा, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या दारापुढे लागतात आणि पहिलं भांडण तिथेच होतं. दुकानांसमोर जागा हवी असेल तर शटर किती वाजता उघडतं ते विचारून घ्या, आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट कायम मोकळी ठेवा.

घरमालक हो म्हणाले. एवढी परवानगी पुरेशी आहे ना?

वाड्याच्या बाबतीत क्वचितच. ज्या काकाजींनी चहा पाजून "या की केव्हाही" म्हटलं ते एकटे मालक असतीलच असं नाही. आखीव पत्रिका बघा. नगर भूमापन कार्यालयातून तिची नक्कल मिळते. तिच्यावर तीन भावांची नावं असतील तर तिघांच्या सह्या घ्या, एक भाऊ पुण्यात असला तरी. वाटणीचा वाद कोर्टात असेल तर ती जागा सोडून द्या. शूटिंगच्या दिवशी सकाळी दुसरा भाऊ कुलूप घेऊन दारात उभा राहिला की पंचवीस माणसांचा दिवस गेला. भाडेकरू असतील तर त्यांच्याशी स्वतंत्र बोला. मालकाच्या परवानगीत त्यांची ओसरी येत नाही.

करारात भाड्याच्या रकमेपुरतं लिहून थांबू नका. कोणत्या खोल्या, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, खिळे ठोकायचे की नाही, रंग लावला तर पूर्ववत कोण करणार, अनामत किती, आणि चित्रित भाग कुठेकुठे दाखवता येईल, हे सगळं स्पष्ट हवं. पावसामुळे किंवा कलाकार आजारी पडल्याने दिवस बदलला तर कोणती पर्यायी तारीख, तेही त्यातच येऊ द्या.

आणि सरकारी परवानग्या?

शूटिंग पूर्णपणे वाड्याच्या आत असलं तरी हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी पत्र देऊन पोच घ्या. कोणी तक्रार केली तर ठाण्याला तुम्ही कोण ते माहीत असतं. कथेत पोलिसांचा गणवेश, खोटी बंदूक किंवा मारामारी असेल तर ते पत्रात आवर्जून लिहा. कॅमेरा किंवा जनरेटर रस्त्यावर येणार असेल तर वाहतूक शाखेचीही परवानगी लागते.

सार्वजनिक जागेत पहिला प्रश्न हा की ती जागा कोणाची. नागपुरात महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास अशा दोन संस्था आहेत. दोन शेजारच्या लेआउटमधली मैदानं वेगवेगळ्या संस्थांकडे असू शकतात, त्यामुळे एकीकडे अर्ज करून आठवडा गेल्यावर "हे आमच्याकडे नाही" असं ऐकायची वेळ येते. मैदानाच्या फलकावर नाव बघा, शंका असेल तर दोन्हीकडे विचारा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याला वन विभाग येतो, मेट्रो स्थानकात महामेट्रो. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभाग.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशात त्या बिंदूचा रंग बघा. शहराला लागूनच सोनेगावचा विमानतळ आहे आणि हवाई दलाची ठिकाणंही आहेत. महालात संघ मुख्यालयाच्या परिसरात पोलीस बंदोबस्त असतो, तिथे ठाण्याच्या लेखी संमतीशिवाय ड्रोनचा विचारही करू नका.

कोणते दिवस सरळ टाळायचे?

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असताना, म्हणजे साधारणतः डिसेंबरात, पोलीस आणि वाहतूक शाखेवर आधीच ताण असतो. मोर्चे निघतात, रस्ते वळवले जातात. आपल्या चौकात डिसेंबरात ऊन नाहीच, त्यामुळे हा महिना दोन्ही कारणांनी बाद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागात मारबतीची मिरवणूक असते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, आणि महालात गांधी गेटला शिवाजी महाराजांचा पुतळा असल्याने ढोल-ताशे आदल्या रात्रीपासूनच. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षाही असतात. शेजारच्या घरात परीक्षेला बसणारं मूल असेल तर रात्रीची शिफ्ट घेऊ नका आणि जनरेटर सूर्यास्तापर्यंत बंद होईल असं त्या घरी जाऊन सांगा.

मग आपल्या वाड्याची तारीख काय निघाली?

ऊन आणि कूलर यांनी फेब्रुवारीचा मध्य ते होळी एवढा काळ दिला. त्यातून शिवजयंती आणि तिच्या मागचा-पुढचा दिवस गेला. रविवारी गल्लीत क्रिकेट, म्हणून तोही नको. उरतात २३ फेब्रुवारीनंतरचे कामाचे दिवस. होळी लवकर असेल तर महिनाअखेरीपर्यंतचे, उशिरा असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उन्हाचा पट्टा पावणेदहा फुटांपर्यंत, म्हणजे जवळपास अर्धा चौक होतो, म्हणून पंचांग परवानगी देत असेल तर मी तोच आठवडा घेईन. सलग दोन दिवस शूटिंगचे आणि लगेचचा तिसरा राखीव, तिन्हींच्या सह्या करारात. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, चौकाला छप्पर नाही, आणि ढगाळ दिवशी वरची सगळी फुटांची गणितं निरुपयोगी ठरतात. आकाश भरलेलं असेल तर त्या दिवशी ओसरीतले आणि खोल्यांतले सीन उरकायचे, म्हणून त्या खोल्यांचे लाइट पहिल्याच दिवशी बरोबर असू द्या.